चौदा रुपयांची खोली

गिरगावातल्या आमच्या खोलीचे भाडे महिना १४ रुपये होते. मी जन्मलो तेव्हा तेवढेच होते आणि कॉलेज संपवून नोकरीला लागलो तेव्हाही मूळ भाड्याच्या रकान्यात तोच आकडा होता. पावतीवर खाली कर वाढत गेले, पुढे दुरुस्ती उपकर आला, ते सगळे मिळून मूळ भाड्याच्या पुढे गेले. पण भाडे म्हणजे १४ रुपये, कारण ते कायद्याने गोठवले होते. वडील पावत्या तारेच्या आकड्याला अडकवून ठेवत. तो आकडा आजही माझ्याकडे आहे. बाजार फसला की सरकारने हात घालावा, हे मी तत्त्व म्हणून कधी नाकारलेले नाही, कारण त्या हाताखालीच मी वाढलो. पण त्याच हाताने आमची चाळ कशी पोखरली, हेही मी पाहिले आहे. ते नीट मांडायला हवे.

आधी बाजाराचा दोष नेमका काय होता ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात सिमेंट-लोखंड लष्कराकडे वळले, घरे बांधणे जवळजवळ थांबले आणि माणसे मात्र येतच राहिली. त्यात फाळणी झाली. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९४१ मध्ये सुमारे १८ लाख होती, १९५१ पर्यंत ती ३० लाखांच्या जवळ पोचली. अशा वेळी भाडी चढतात. आता भाडे चढणे हा काही बाजाराचा दोष नव्हे. टंचाई असेल तर किंमत ती सांगणारच, आणि ती चढली म्हणूनच कोणी नवी चाळ बांधायला पुढे येतो. खरा दोष वेगळा होता. भाडेकरू एकदा खोलीत राहायला आला की तो तिथे रुजतो. मुलांची शाळा जवळ, गिरणी किंवा कचेरी चालत जाण्याच्या अंतरावर, उधार देणारा वाणी ओळखीचा, अडीअडचणीला शेजारी. खोली सोडायची तर हे सगळे सोडायचे. मालकाला हे ठाऊक असते. म्हणून तो बाजारभावापेक्षाही जास्त मागू शकतो आणि ‘नसेल परवडत तर खाली करा’ म्हणू शकतो. रुजलेल्या माणसाची अडवणूक करण्याची ही ताकद बाजार स्वतःहून काढून घेत नाही. तिथे कायदा हवाच होता.

कायदा आला तो १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्याच्या आधी दोन्ही महायुद्धांच्या काळात असे कायदे झालेच होते, हा त्यांचाच पुढचा, मोठा अवतार. त्याने एकाच पुडीत दोन औषधे दिली. पहिले औषध म्हणजे कारण दाखवल्याशिवाय भाडेकरूला काढता येणार नाही. दुसरे म्हणजे १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच ‘स्टँडर्ड रेंट’, त्याहून जास्त घेता येणार नाही. पहिले औषध रोगावर बरोबर बसत होते. अडवणूक होते ती हाकलण्याच्या धमकीच्या जोरावर, ती धमकीच काढून घेतली. दुसऱ्याने मात्र किंमतच गोठवली, आणि तीही फक्त जुन्या खोल्यांची नव्हे. त्या तारखेनंतर पहिल्यांदा भाड्याने दिलेल्या जागेचे पहिले भाडे हेच तिचे कायमचे भाडे ठरू लागले. कायदा मुदतीचा होता. संकट सरले की तो संपेल, अशी कल्पना होती. मुदत संपत आली की ती वाढवायची, पुन्हा संपत आली की पुन्हा वाढवायची, असे करत तो पन्नास वर्षे चालला.

पन्नास वर्षे गोठलेल्या भाड्याने लाकडाचे काय होते ते सांगतो. आमची चाळ म्हणजे विटांच्या भिंती आणि सागवानी सांगाडा. प्रत्येक मजल्याच्या टोकाला सामाईक संडास आणि मोऱ्या. तिथला नळ किंवा मैल्याचा पाइप गळायला लागला की पाणी भिंतीत मुरते. तुळईचे टोक त्या भिंतीत गाडलेले असते, तिथे हवा नाही, ऊन नाही. तुळई मधोमध टणक दिसते आणि भिंतीतल्या टोकाशी तिचा भुसा होत जातो. वरून कळायला फार थोड्या खुणा असतात. दाराची कडी जी काल लागत होती ती आज लागत नाही, कारण चौकट तिरकी झालेली असते. कोब्यावर ठेवलेली गोटी एकाच दिशेने घरंगळत जाते. खालच्या मजल्यावरच्यांच्या ताटात छतातून बारीक पूड पडते. आई म्हणायची, ‘घर कुरकुरतंय.’ ती खरेच आवाजाबद्दल बोलत होती.

१९६८ च्या पावसाळ्यानंतर आमच्या संडासाच्या बाजूच्या चार तुळया आणि दोन खांब बदलायला हवेत असे गवंड्याने सांगितले. पाइपांसकट खर्च नऊ हजार रुपये. चाळीत ४० खोल्या, सरासरी भाडे १४ रुपये. म्हणजे सगळ्यांनी वेळेवर भाडे दिले तर महिन्याला ५६० आणि वर्षाला ६,७२० रुपये. त्यातून झाडूवाला, जिन्यातला दिवा, पाण्याच्या पंपाचा खर्च आणि मालकाचा स्वतःचा आयकर. मालक गॅलरीत उभे राहून वडिलांना म्हणाले, ‘तुम्हीच सांगा, मी हे कुठून करू?’ वडील त्यांच्याशी कधी गोड बोलत नसत, पण त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावरच होती. कायदा जबाबदारी देऊ शकला, पैसे देऊ शकला नाही. शेवटी चार तुळयांना चार टेकू लागले, आणि ते टेकू माझे लग्न झाले तेव्हाही तसेच होते.

इथे मालकाची बाजू घेतोय असे कोणाला वाटेल. मालकांमध्ये लबाड होतेच. पावती देणे बंद करायचे, मग भाडे थकवले म्हणून दावा लावायचा, हा उद्योग गिरगावात सर्रास चाले, आणि वडिलांनीही काही वर्षे मनीऑर्डरने भाडे पाठवून पावत्या जपल्या. पण एखाद्या धोरणाचा हिशेब चांगल्या-वाईट माणसांवरून करून चालत नाही. दुरुस्ती केली तर नुकसान आणि न केली तर इमारत पडून जमीन मोकळी, अशी मांडणी करून ठेवली की संतसुद्धा हळूहळू दुसऱ्या पर्यायाकडे सरकतो. मुंबईतल्या मालकांना असे सरकवले ते कायद्याने.

मोठे नुकसान मात्र चाळीच्या बाहेर झाले, आणि ते दिसले नाही. कायद्याने गरिबाला संरक्षण दिले असे आपण म्हणतो. खरे तर त्याने ज्याच्या हातात आधीच किल्ली होती त्याला संरक्षण दिले. त्याची मिळकत कोणी विचारली नाही. फोर्टातल्या मोठ्या कंपन्या आणि बँका जुन्याच भाड्यात बसल्या, मरीन ड्राइव्हवरचे प्रशस्त फ्लॅट जुन्याच भाड्यात राहिले. आणि १९५५ मध्ये रत्नागिरीहून आलेल्या, १४ च्या जागी ३० रुपये द्यायला तयार असलेल्या तरुणाला खोलीच मिळेना. पहिले भाडे कायमचे गोठणार असेल तर भाड्यासाठी नवी चाळ कोण बांधेल? पैसेवाल्यांनी मालकीचे फ्लॅट बांधून विकायला सुरुवात केली. ज्यांना विकत घेणे जमत नव्हते त्यांच्यासाठी उरली झोपडपट्टी, किंवा पागडी. पागडी घेणे हा १९४७ च्या कायद्याने गुन्हा होता. तरीही जुना भाडेकरू खोली सोडताना नव्याकडून रोख रक्कम घेई आणि त्यातला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचा वाटा मालकाला जाई. दाबलेले भाडे अशा रीतीने एकगठ्ठा, रोखीने आणि पावतीशिवाय वसूल होत होते. ज्याच्याकडे एवढी रोकड नाही तो बाहेरच.

मालकांनी दुसरी पळवाट काढली ती ‘लीव्ह अँड लायसन्स’ची. भाडेकरू नाही, फक्त वापराची परवानगी घेतलेला माणूस, म्हणजे भाडे नियंत्रणाच्या कक्षेबाहेर. यातून थोडी घरे पुन्हा बाजारात आली. सरकारला ही फसवणूक वाटली. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे कोणी लायसन्सवर राहत होते त्या सगळ्यांना एका फटक्यात संरक्षित भाडेकरू करून टाकले. त्या दिवशी घरात असलेल्यांचे भले झाले. पण दुसऱ्या दिवशी शहरातल्या प्रत्येक रिकाम्या घराच्या मालकाने एकच धडा घेतला, की घर कुलूप लावून ठेवावे पण कोणाला देऊ नये. माझ्या ओळखीच्या एका विधवा बाईंनी दादरची एक खोली पंचवीस वर्षे बंद ठेवली. त्यांना पैशांची गरज नव्हती असे नाही. पुन्हा एखादी तारीख येईल ही भीती होती.

अर्थशास्त्रात हॅरॉल्ड डेमसेट्झ यांनी १९६९ मध्ये एक मुद्दा मांडला. प्रत्यक्षातल्या बाजाराची तुलना आपण मनातल्या आदर्श व्यवस्थेशी करतो आणि बाजार नापास झाला की सरकार पास झाले असे धरून चालतो. या विचारपद्धतीला त्यांनी ‘निर्वाण’ हाच शब्द वापरला. तुलना करायची तर प्रत्यक्षातल्या बाजाराची प्रत्यक्षातल्या सरकारशी करावी: ज्याच्याकडे माहिती अपुरी आहे, ज्याला निवडणूक लढवायची आहे, आणि ज्याचा निर्णय चुकला तर भुर्दंड दुसऱ्याला पडतो अशा सरकारशी. मला यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खोली महाग करून बसलेल्या मालकाची खोली रिकामी राहते, त्याला महिन्याभरात चूक कळते. भाडे गोठवणाऱ्या विधानसभेला चूक कशी कळणार? तुळई कुजायला वीस वर्षे लागतात. कोसळते तेव्हा ज्यांनी कायदा केला ते निवृत्त झालेले असतात, आणि दोष मालकाच्या नावावर जातो.

त्यामुळे चुकीवर उपाय म्हणून पुढचा उपाय येतो, मूळ चूक तशीच राहते. साठच्या दशकात दक्षिण मुंबईत जुन्या इमारती पडायला लागल्या. सरकारने भाड्याला हात लावला नाही. १९६९ मध्ये वेगळा कायदा करून इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ काढले, जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि मालक करत नाही ती दुरुस्ती मंडळ करेल असे ठरवले. हे काम आज म्हाडाकडे आहे. सुरुवातीला अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. एका सरकारी मंडळाने एवढ्या इमारतींचे गळके पाइप सांभाळायचे! शिवाय दुरुस्तीच्या खर्चाला प्रति चौरस मीटर मर्यादा, तिच्यावरचा खर्च रहिवाशांनी द्यायचा. चाळीस कुटुंबांपैकी सहा म्हणणार आमची बाजू ठीक आहे, चार खोल्यांना कुलूप, दोन भावांचे भांडण कोर्टात. मर्यादेत बसेल तेवढेच काम होते, म्हणजे गिलावा होतो आणि भिंतीतले टोक तसेच राहते.

दुरुस्तीपलीकडे गेलेल्या इमारतीतल्या लोकांना संक्रमण शिबिरात हलवले जाते. नाव संक्रमण, पण तिथे लोकांची दुसरी पिढी जन्मली. आमच्या मागच्या चाळीतली काही कुटुंबे दोन वर्षांसाठी म्हणून उपनगरात गेली, आणि त्यांच्या मुलांची लग्ने तिथेच झाली. दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते, नोटीस दारावर लागते आणि लोक हलत नाहीत. बाहेरून हा हट्ट वाटतो. आतून पाहिले तर तो साधा हिशेब आहे. गिरगावातली खोली सोडली तर परत मिळेल याची खात्री कोणाच्या शब्दावर धरायची? ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. ती बातमी वाचताना मला आमच्या दाराची न लागणारी कडी आठवली.

मग भाडेकरूंनीच इमारत घ्यावी, असा उपाय निघाला. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातले गेले. ७० टक्के रहिवाशांनी संस्था करून मागणी केली तर इमारत आणि जमीन संपादन करून त्यांना द्यायची, आणि मालकाला मोबदला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट. आमच्या चाळीचा हिशेब करा. महिना ५६० रुपये, शंभरपट म्हणजे ५६,००० रुपये. गिरगावातली एक अख्खी इमारत, जमिनीसकट. आधी सरकारने भाडे गोठवले, मग त्याच गोठलेल्या भाड्यावर मालमत्तेची किंमत ठरवली. मालक कोर्टात गेले. तो वाद ज्या घटनात्मक प्रश्नात अडकला, की खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरते का, त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा निकाल ५ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला. प्रत्येक खासगी मालमत्ता तशी धरता येणार नाही, असे बहुमताने ठरले. याचिका १९९२ ची होती. या बत्तीस वर्षांत कित्येक तुळया कुजल्या असतील.

चूक दिसत असूनही ती सुधारली का गेली नाही? यात कोणा एका पक्षाचा दोष नाही. जुन्या भाड्यात राहणारी लाखो कुटुंबे एकाच शहरात, एकाच मागणीवर एकवटलेली, प्रत्येकाला नेमके ठाऊक की भाडे वाढले तर आपले किती जाईल. मालक मोजके. आणि ज्याला या कायद्यामुळे खोली मिळाली नाही तो रत्नागिरीचा तरुण मुंबईच्या मतदारयादीतच नाही. त्याला स्वतःलाही कळत नाही की आपली खोली कोणत्या कलमाने गिळली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात स्पष्ट सांगितले की एके काळी वाजवी असलेली ही तरतूद काळाच्या ओघात अन्यायकारक आणि मनमानी झाली आहे. तरीही ती रद्द केली नाही, कारण कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपत होती आणि नवा कायदा येऊ घातला होता. तो नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला ३१ मार्च २००० रोजी. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ आहे. आमच्या १४ रुपयांवर सुरुवातीची ५ टक्के वाढ धरली आणि पुढची पंचवीस वर्षे ४ टक्क्यांचे चक्रवाढ धरले, तरी आकडा चाळीस रुपयांच्या आतच राहतो. गिरगावात आज एका सुट्टीच्या दिवसाच्या मिसळीला चाळीस रुपये पुरत नाहीत.

त्याच कायद्याने दोन गोष्टी मात्र नीट केल्या, त्याही सांगायला हव्यात, कारण सरकारने काहीच करू नये असे मी म्हणत नाही. मोठ्या भांडवलाच्या कंपन्या, बँका, परदेशी कंपन्या यांना संरक्षणातून वगळले. आणि लायसन्सची मुदत संपल्यावर मालकाला जागा लवकर परत मिळेल अशी तरतूद करून करारनाम्याची नोंदणी सक्तीची केली. आज मुंबईत जे कोणी अकरा महिन्यांच्या करारावर घर भाड्याने घेतात, त्यांना ते घर या तरतुदीमुळे मिळते. दादरच्या त्या बाईंनी कुलूप काढले ते यानंतरच. इथेही सरकारचीच कृती होती, पण ती किंमत ठरवायला गेली नाही. दिलेला शब्द मोडणार नाही, एवढी हमी तिने दिली.

१९४७ मध्ये माझ्या आजोबांना रस्त्यावर येऊ न देण्याचे काम दोन गोष्टींनी झाले असते. कारणाशिवाय काढायचे नाही, आणि भाडे महागाईच्या निर्देशांकाला बांधायचे, म्हणजे रुजलेल्या माणसाला मालक अडवू शकत नाही आणि मालकाला गवंडी परवडतो. ज्याला तेही परवडत नाही त्याच्या भाड्याचा भार सरकारने तिजोरीतून उचलायचा. या शेवटच्या भागाला तेव्हाही विरोध झाला असता आणि आजही होईल, कारण तिजोरीतून दिलेला रुपया अर्थसंकल्पात दिसतो. दर मार्चमध्ये कोणीतरी विचारतो की हा कोणाला, किती आणि अजून किती वर्षे. भाडे गोठवून दिलेली मदत कुठल्याच कागदावर येत नाही, म्हणून तिचा हिशेब पन्नास वर्षे कोणी मागितला नाही. मला नेमकी हीच कसोटी लावावीशी वाटते. एखादा उपाय सरकारच्या स्वतःच्या खतावणीत खर्च म्हणून दिसत नसेल, तर तो खर्च कोणाच्या तरी भिंतीत मुरतो आहे.

ज्या इमारती आता टेकूंवर उभ्या आहेत त्यांना यातले काही लागू पडत नाही, हेही मान्य करतो. उद्या भाडे दहापट केले तरी कुजलेली तुळई सागवान होत नाही. तिथे पुनर्विकासाशिवाय मार्ग नाही, आणि तो सध्या चालतो वाढीव चटईक्षेत्रावर, म्हणजे वरचे फ्लॅट विकून खालच्यांना फुकट घर. जमीन महाग आणि भूखंड मोठा असेल तिथे ते जमते. आमच्यासारख्या दोन गल्ल्यांमध्ये चेपलेल्या, तीनशे-साडेतीनशे चौरस मीटरच्या भूखंडावर बिल्डर येऊन, मोजून, चहा पिऊन जातात. तीन वेळा मोजणी झाली आहे. चौथ्यांदा गेल्या दिवाळीनंतर एक जण आला होता. त्याने फक्त संडासाच्या बाजूची भिंत बोटाने ठोकून पाहिली आणि विचारले, ‘या टेकूंना किती वर्षं झाली?’